नाकातली नळी आत्ता कुठे आहे? घरी नळीने जेवण देणाऱ्यांसाठी

मिरजेच्या दवाखान्यांतून नाकात नळी घेऊन घरी जाणाऱ्या रुग्णाच्या माणसांना एकाच गोष्टीची धास्ती असते: नळी निघून आली तर काय करायचं? वॉर्डात डिस्चार्जच्या वेळी हा प्रश्न हमखास येतो. मला मात्र या भीतीचा रोख चुकलेला वाटतो. पूर्ण निघालेली नळी सगळ्यांना दिसते, तिच्यातून कुणी काही देत नाही, आणि दवाखान्यात जाऊन नवी घालून घेता येते. घात करते ती अर्धवट सरकलेली नळी. चिकटपट्टी जागेवर असते, नळी नाकात दिसते, सिरिंज जोडली की पेज खाली उतरतेसुद्धा. फक्त ती जठरात उतरत नसते.

म्हणून या लेखात नळीच्या काळजीतला एकच धागा धरते. प्रत्येक वेळी जेवण देण्याआधी नळीचं टोक कुठे आहे हे कसं ओळखायचं, ते जागेवर असूनही अन्न फुप्फुसात कसं जाऊ शकतं, आणि रोजच्या वापरात नळी कुठे कुठे त्रास देते.

एक उदाहरण घेऊ. माणूस कल्पनेतला आहे, पण त्याच्या बाबतीत जे होतं ते वॉर्डात नेहमी पाहायला मिळतं. तासगाव तालुक्यातले एक आजोबा, वय ६८, वजन ५५ किलो. उजव्या अंगावरून वारं गेलं, बोलणं बंद झालं, गिळायला गेले की ठसका. मिरजेत दहा-बारा दिवस राहून घरी आले. मुलगा सकाळी द्राक्षबागेत औषध फवारायला जातो, त्यामुळे नळीचं सगळं सूनबाईंकडे. नाकातून घातलेली नळी म्हणजे आपल्याकडे सर्रास वापरतात ती रायल्स ट्यूब, १६ नंबरची. नंबराला तीनने भागलं की नळीची जाडी मिलिमीटरमध्ये मिळते, म्हणजे ही पाच मिलिमीटरपेक्षा किंचित जाड.

नळी किती आत घालायची हे अंदाजाने ठरत नाही. नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत नळी धरून मोजतात. आजोबांच्या बाबतीत हे माप ५८ सेंटीमीटर आलं. पूर्ण नळी १०५ सेंटीमीटरची, म्हणजे नाकपुडीपासून बाहेर लोंबणारा भाग ४७. सिस्टरने नाकपुडीला लागूनच नळीवर पक्क्या शाईच्या पेनाने गोल रेघ मारली आणि डिस्चार्जच्या कागदावर लिहिलं: आत ५८, बाहेर ४७. तुमच्या कागदावर हे दोन आकडे नसतील तर दवाखाना सोडण्याआधी मागून घ्या. औषधांच्या यादीइतकेच ते कामाचे आहेत.

नळी पहिल्यांदा घातली तेव्हा छातीचा एक्स-रे काढला होता. नळीच्या अंगावर एक्स-रेत दिसणारी रेघ असते. ती रेघ छातीच्या मधोमध सरळ खाली येते का, श्वासनलिका जिथे दोन फुप्फुसांकडे फुटते तिथे एखाद्या बाजूला न वळता पुढे जाते का, आणि श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला पडदा, ओलांडून टोक डाव्या बाजूला खाली दिसतं का, हे डॉक्टर पाहतात. जागेची खात्री करायला याहून भरवशाची तपासणी नाही. पण एक्स-रे त्या क्षणाचा असतो. त्यानंतर आजोबा खोकले, शिंकले, कूस बदलताना नळी उशीखाली अडकली, तर ते त्या फिल्मवर उमटत नाही. ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ या एका वाक्यावर पंधरा दिवस जेवण देत राहणारी घरं मी पाहते, म्हणून हे ठासून सांगते.

एका सकाळी काय होतं

घरी आल्यावर पाचव्या दिवशी रात्री आजोबांना खोकल्याची उबळ येते, थोडी उलटीही होते. सकाळी सहाला पहिलं फीड द्यायचं असतं. सूनबाई टेपने बाहेरची नळी मोजतात आणि ती भरते ५६. म्हणजे नऊ सेंटीमीटर नळी बाहेर आली आहे, आत फक्त ४९ उरली आहे. शाईची रेघही नाकपुडीपासून लांब दिसते.

नऊ सेंटीमीटर म्हणजे जेमतेम चार बोटं. एवढ्याने काय बिघडतं? नाकपुडीपासून जठराच्या तोंडापर्यंतचं अंतर मोठ्या माणसात साधारण ४० ते ४५ सेंटीमीटर असतं. ४९ वर नळीचं टोक जठरात कसंबसं टेकलेलं असेल. पण या नळीला एकच भोक नसतं. टोकाच्या वरच्या काही सेंटीमीटरमध्ये बाजूलाही भोकं असतात, आणि त्यातलं वरचं भोक आता अन्ननलिकेत किंवा तिच्या अगदी तोंडाशी आहे. २५० मिली पेज ओतली तर तिचा काही भाग तिथेच बाहेर पडेल, अन्ननलिकेत साचेल आणि घशाकडे परत येईल. गिळण्याची ताकद गेलेल्या माणसाच्या घशात आलेलं अन्न पुढे श्वासनलिकेतच उतरतं. नळी फुप्फुसात न जाताही अन्न फुप्फुसात जातं ते असं.

सूनबाई वॉर्डात फोन करतात. ‘सिस्टर, मामांची नळी बाहेर आलीया, थोडी आत सरकवू का?’ उत्तर ठाम असतं: सरकवू नका, आणि तिच्यातून पाणीसुद्धा देऊ नका. नळी मऊ असते, ती घशात वेटोळं करून बसते. शिवाय आजोबांचा खोकला क्षीण आहे, त्यामुळे टोक श्वासनलिकेत शिरलं तरी त्यांना ठसका लागेलच असं नाही. टॉर्च लावून तोंडात पाहिलं तर कधी कधी घशाच्या मागे नळीचा विळखा दिसतो. नाही दिसला तरी नळी जागेवर आहे असं त्यावरून ठरत नाही. आहे त्याच ठिकाणी ती नव्या चिकटपट्टीने धरून ठेवायची आणि दवाखान्यात जायचं. एक-दोन फीड चुकले म्हणून बहुतेकांचं काही बिघडत नाही. अपवाद मधुमेहाचा. सकाळचं इन्सुलिन टोचून झालं असेल आणि फीड थांबवलं, तर साखर खाली जाते. हे डॉक्टरांना फोनवर लगेच सांगायचं आणि ग्लुकोमीटर असेल तर साखर तपासत राहायचं. खरं तर क्रमच उलटा ठेवावा. आधी नळी तपासायची, मग इन्सुलिन.

माप बरोबर आहे, मग झालं का?

बाहेरची लांबी ४७ च भरली, तरी नळी आतल्या आत दुमडून वर आलेली असू शकते. उलटीनंतर हे विशेष होतं. म्हणून दुसरी खूण पाहायची: सिरिंजने जठरातलं पाणी ओढून पाहणं. ५० किंवा ६० मिलीची मोठी सिरिंज जोडून हलक्या हाताने थोडं ओढायचं. हिरवट, गवताच्या रंगाचं, स्वच्छ पाण्यासारखं किंवा फाटलेल्या दुधासारखं काही आलं तर ते बहुधा जठरातलं. फुप्फुसाकडून येणारा स्राव पातळ किंवा चिकट, फिकट बेडक्यासारखा असतो. पण रंगावर एकट्यावर कुणी विसंबू नये, कारण दोन्हीकडचं पाणी कधी कधी सारखंच दिसतं.

इथे आम्ल किती आहे ते आकड्यात सांगणारी पीएच पट्टी उपयोगी पडते. आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. ओढलेल्या पाण्याचे दोन-चार थेंब पट्टीवर टाकायचे आणि रंग डबीवरच्या तक्त्याशी ताडून पाहायचा. पीएच ५.५ किंवा त्याहून कमी आला तर ते जठराचं आम्ल आहे असं धरता येतं. पट्टी घेताना आकडे दाखवणारी घ्या. शाळेच्या प्रयोगशाळेतला निळा-लाल लिटमस कागद चालत नाही, तो नुसतं आम्ल की अल्कली एवढंच सांगतो आणि इथला बारीक फरक त्याला कळत नाही. आधीच्या फीडनंतर निदान तासाभराने तपासायचं, नाहीतर पोटात पडलेलं दूधच पीएच वर ढकलतं.

आपल्याकडची मोठी अडचण म्हणजे पँटोप्रॅझोल. ॲसिडिटीची ही गोळी जवळजवळ प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर असते. तिचं कामच जठरातलं आम्ल कमी करणं, त्यामुळे नळी अगदी बरोबर जागी असूनही पीएच ६ येऊ शकतो. तसा आला तर ‘गोळीमुळेच असेल’ असं म्हणून फीड सुरू करायचं नाही. तासभर थांबून पुन्हा पाहायचं, मापाशी जुळवायचं, रुग्णाकडे नजर टाकायची आणि तरी शंका राहिली तर एक्स-रे. आजोबांचा पीएच रोजच ६ च्या आसपास येतो असं लक्षात आलं, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारायचं की ही गोळी अजून गरजेची आहे का. बऱ्याचदा ती कुणी बंद केलेली नसते म्हणूनच चालू राहिलेली असते.

काहीच ओढून आलं नाही तर लगेच घाबरायचं कारण नाही. नळीचं टोक जठराच्या भिंतीला चिकटलेलं असू शकतं. आजोबांना डाव्या कुशीवर वळवायचं, सिरिंजने १० ते २० मिली हवा सोडून टोक भिंतीपासून सुटं करायचं, पंधरा ते तीस मिनिटं थांबून पुन्हा ओढायचं. बहुतेक वेळा येतं. नाहीच आलं तर घरी आणखी झटापट नको, वॉर्डला फोन करा.

आता एका जुन्या सवयीबद्दल. सिरिंजने हवा सोडायची, पोटावर स्टेथोस्कोप ठेवायचा, गुडगुड ऐकू आली की ‘नळी बरोबर’. ही चाचणी आपल्याकडे अजून जागोजागी चालते आणि घरच्यांनाही शिकवली जाते. ती फसवी आहे. टोक अन्ननलिकेत असो की फुप्फुसाच्या तळाशी, हवेचा आवाज पोटावर ऐकू येऊ शकतो. ब्रिटनच्या रुग्णसुरक्षा यंत्रणेने २००५ सालीच ही चाचणी वापरू नये असं कळवलं होतं. तसंच नळीचं बाहेरचं तोंड वाटीतल्या पाण्यात बुडवून बुडबुडे पाहणं. बुडबुडे जठरातल्या वायूचेही येतात, आणि नळी खरोखरच श्वासनलिकेत असली तर रुग्ण श्वासाबरोबर ते पाणी आत ओढू शकतो. या दोन्ही गोष्टी घरी करूच नका. टेप आणि पीएच पट्टीला मिळून फार खर्च येत नाही, आणि पट्टी मिळाली नाही तरी टेप प्रत्येक घरात असतो.

नळी जागेवर, तरी ठसका

समजा सगळं जुळलं: बाहेर ४७, पीएच ४, आजोबा शांत. तरीही अन्न फुप्फुसात जाऊ शकतं, कारण जठराच्या तोंडाशी असलेली झडप नळीमुळे पूर्ण मिटत नाही. दाराच्या फटीत दोरी अडकली की दार जसं किलकिलं राहतं तसं. पोट भरलेलं, माणूस आडवा, झडप उघडी, मग अन्न वर यायला वेळ लागत नाही. याला अ‍ॅस्पिरेशन म्हणतात, आणि त्यातून होणारा न्यूमोनिया हे नळीवरच्या रुग्णाला पुन्हा दवाखान्यात आणणारं एक मोठं कारण आहे.

यावरचा सगळ्यात मोठा उपाय उतार. फीड देताना आणि नंतर तासभर कमरेपासून वरचं अंग ३० ते ४५ अंशांत उचललेलं हवं. हे सांगितलं की घरचे मान डोलावतात आणि डोक्याखाली दोन उशा सारतात. त्याने फक्त मान वाकते, छाती-पोट सपाटच राहतं, उलट पोट दुमडून दाब वाढतो. उतार कमरेपासून सुरू व्हायला हवा. अंशांचा हिशेब सोपा आहे. कमरेपासून डोक्यापर्यंत पाठीची लांबी अडीच फूट धरली, तर डोकं गादीपासून सव्वा फूट वर आलं की ३० अंश होतात, आणि पावणेदोन फूट वर आलं की ४५. आजोबांच्या मुलाने घरातली लाकडी खुर्ची कॉटवर उलटी ठेवली. तिची पाठ तिरकी झाली, त्यावर गादी टाकली आणि टेपने उंची मोजून पाहिली. गुडघ्यांखाली एक लोड दिला की माणूस खाली घसरत नाही. तो द्यायला विसरलं तर अर्ध्या तासात आजोबा घरंगळून पुन्हा सपाट.

पाठ उचलणं शक्यच नसेल, मणक्याची दुखापत वगैरे असेल, तर डॉक्टरांना विचारून उजव्या कुशीवर आणि डोक्याकडची बाजू उंच ठेवतात.

फीड देण्याची गतीही इथेच येते. सिरिंजचा दट्ट्या काढून नुसती नळकांडी नळीला जोडायची, ती आजोबांच्या पोटाच्या पातळीपासून दीड वीत उंच धरायची आणि पेज आपल्या वजनाने उतरू द्यायची. २५० मिलीला वीस ते तीस मिनिटं लागली पाहिजेत. बागेत जायची घाई आहे म्हणून दट्ट्याने पाच मिनिटांत रेटलं की जठर एकदम ताणलं जातं आणि माल वर येतो. सिरिंज पुन्हा भरताना नळी बोटांनी चिमटून धरायची म्हणजे मधे हवा शिरत नाही. आजोबांना सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत दर तीन तासांनी २५० मिली ठरवून दिलं होतं, म्हणजे सहा फीड, दीड लिटर. हे प्रमाण वजनावर आणि आजारावर ठरतं, ते आहारतज्ज्ञाकडूनच घ्या, शेजारच्या रुग्णाचं उतरवून घेऊ नका. शेवटचं फीड झोपण्याच्या बेतात द्यायचं नाही, कारण त्यानंतरचा तासभरही उतार लागतोच. डायपर बदलणं, पाठ थोपटून कफ काढणं, ही कामं फीडच्या आधी उरकायची.

फीडच्या आधी ओढून पाहताना खूपच अन्न परत आलं तर? घरासाठी आम्ही सांगतो की २०० मिलीच्या वर शिल्लक असेल तर ते हळूहळू परत सोडा, तासभर थांबा आणि पुन्हा पाहा. दुसऱ्यांदाही तसंच असेल, पोट फुगून टणक झालं असेल किंवा उलट्या होत असतील, तर फीड बंद ठेवून डॉक्टरांना फोन. रक्तासारखं किंवा कॉफीच्या गाळासारखं काळपट आलं तर परत सोडायचं नाही, थेट दवाखाना. तुमच्या ओळखीची आयसीयूतली सिस्टर म्हणेल की तिथे आता ही शिल्लक रोज मोजत नाहीत. तिचंही बरोबर आहे. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आयसीयूतल्या रुग्णांसाठी ही मोजणी सरसकट करू नका, आणि जिथे करता तिथे इतर लक्षणं नसतील तर ५०० मिलीच्या आत असताना फीड थांबवू नका, असं सुचवलं आहे. कारण या आकड्याच्या धाकाने रुग्ण उपाशी राहत होते. पण तिथे चोवीस तास डोळा ठेवणारी माणसं आणि यंत्रं असतात. घरी तसं नसतं, म्हणून आम्ही थोडा कडक आकडा देतो.

आणि तोंड. नळी आहे, तोंडाने काही जात नाही, मग दात कशाला घासायचे, असं घरोघरी वाटतं. पण अन्न जात नसलं तरी लाळ गिळली जात असते, आणि कोरड्या, पांढऱ्या थर साचलेल्या तोंडातली लाळ म्हणजे जंतूंचा साठा. ती थेंब थेंब फुप्फुसात जाते. दिवसातून दोन-तीनदा मऊ ब्रशने किंवा बोटाला गुंडाळलेल्या ओल्या फडक्याने दात, हिरड्या, जीभ पुसायची. तोंडात पाणी ओतायचं नाही, आणि आजोबांना कुशीवर ठेवूनच हे करायचं.

ठसका लागला, ओठ निळसर झाले, श्वास घरघरायला लागला तर काय करायचं ते आधीच ठरलेलं असावं. फीड तिथेच थांबवा, नळीचं तोंड बंद करा, कुशीवर वळवा, तोंडातलं बाहेर पुसून काढा, आणि श्वास सुधारत नसेल तर १०८ ला फोन. पण खरं कठीण असतं ते आवाज न करता होणारं अ‍ॅस्पिरेशन. लकव्याच्या रुग्णाला कधी कधी श्वासनलिकेत अन्न गेल्याची जाणीवच होत नाही, खोकला येत नाही. मग दुसऱ्या खुणा शोधाव्या लागतात. फीडनंतर घशात ओली खरखर वाजते. काही तासांनी किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताप चढतो. झोपेत एका मिनिटाचे श्वास मोजले तर मोठ्या माणसाचे १२ ते २० असतात, ते २५ च्या पुढे जातात. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर असेल तर नेहमी ९६-९७ दाखवणारं ९२-९३ वर येतं. अशा वेळी तापाची गोळी देऊन फीड चालू ठेवणं हे सगळ्यात वाईट. फीड थांबवून त्याच दिवशी दाखवा.

चोंदलेली नळी आणि औषधं

घरगुती फीडमध्ये नळी चोंदण्याचं नेहमीचं कारण नाचणी. गरम असताना पातळ दिसणारी आंबील कोमट झाली की दाटते, आणि नळीत आणखी दाटते. मुगाचं वरण, भाताची पेज, दूध, ताक, सगळं चालतं, पण मिक्सरमधून काढून स्वच्छ मलमलीच्या फडक्यातून गाळलेलं. चहाच्या गाळणीतून कोंडा निसटतो. आणि प्रत्येक फीडच्या आधी-नंतर ३० मिली साधं पिण्याचं पाणी नळीतून सोडायचं. सहा फीड म्हणजे दिवसाला ३६० मिली, हे पाणी आजोबांच्या दिवसभराच्या पाण्याच्या हिशेबात धरा. हृदयाच्या किंवा किडनीच्या रुग्णाला पाणी मोजून असतं, तिथे हे आधी विचारून घ्यावं लागतं.

दुसरं कारण औषधं. चार गोळ्या एकत्र कुटून फीडमध्ये ढवळल्या की त्यांचा लगदा होतो. प्रत्येक गोळी वेगळी, बारीक पूड करून थोड्या पाण्यात विरघळवायची, एकेक द्यायची आणि दोन गोळ्यांच्या मधे थोडं पाणी सोडायचं. पण मुळात ती गोळी कुटायची आहे का हे आधी पाहा. नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर असं लिहिलेली गोळी दिवसभर हळूहळू सुटण्यासाठी बनवलेली असते. ती कुटली की पूर्ण दिवसाचा डोस एकदम अंगात जातो. रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळीत हे धोक्याचं आहे. पँटोप्रॅझोलवर आम्लापासून वाचवणारं आवरण असतं. कुटल्यावर ते तुटतं आणि औषध जठरातच नासतं. फिटसाठीचं फेनिटोइन तर फीडला चिकटून वाया जातं आणि रक्तातलं प्रमाण घसरतं, म्हणून त्याच्या आधी आणि नंतर फीड किती वेळ थांबवायचं हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. यातल्या बऱ्याच औषधांना पातळ किंवा दुसऱ्या रूपातला पर्याय असतो. ‘पेशंट नळीवर आहे’ एवढं वाक्य डॉक्टरांना आणि मेडिकलवाल्यांना सांगितलं तरी अर्ध्या चुका टळतात.

चोंदलीच तर मोठ्या सिरिंजमध्ये कोमट पाणी घेऊन हळूच ढकलायचं, ओढायचं, पुन्हा ढकलायचं, मधे दहा-पंधरा मिनिटं पाणी नळीत राहू द्यायचं. लहान सिरिंज घेतली तर तेवढ्याच जोरात दाब कितीतरी जास्त बसतो आणि नळी फाटू शकते. कोल्ड्रिंक ओतायचा सल्ला पुष्कळ ठिकाणी ऐकायला मिळतो, पण त्यातल्या आम्लाने दुधाचं-डाळीचं प्रथिन आणखी साकळतं. तार किंवा सुई तर कधीच नको.

जुलाब लागले की पहिला संशय फीडवर जातो आणि घरचे ते पाण्यासारखं पातळ करतात. त्याने फक्त आजोबांचं पोषण कमी होतं. आधी औषधं पाहा. अँटिबायोटिक चालू आहे का? पातळ औषधांपैकी काहींत गोडीसाठी सॉर्बिटॉल असतं, तेही पोट ढिलं करतं. मग स्वयंपाकघर पाहा. एप्रिलमधल्या तासगावच्या उन्हात सकाळी करून ठेवलेली पेज दुपारपर्यंत टिकत नाही. घरी वाटलेलं फीड बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. फ्रीजमध्ये ठेवायचं तर लगेच ठेवावं, लागेल तेवढंच काढून कोमट करावं, उरलेलं दुसऱ्या दिवशी फेकावं. सिरिंज आणि वाटी प्रत्येक फीडनंतर धुवून वाळवायची. नुसती विसळून उपडी ठेवलेली सिरिंज दट्ट्याच्या रबराशी बुळबुळीत होते, तिथे बोट फिरवून पाहा. एवढं करूनही दिवसाला चार-पाच पातळ जुलाब होतच राहिले किंवा शौचात रक्त दिसलं तर डॉक्टरांना दाखवायचं.

नाकाचं थोडक्यात. पट्टी रोज बदलायची, नळी नाकपुडीच्या कडेला दाबून न धरता मोकळी खाली येईल अशी चिकटवायची, आणि कातडी लाल झाली तर पट्टीची जागा बदलायची.

पीव्हीसीची साधी नळी जठराच्या आम्लात हळूहळू कडक होत जाते, म्हणून आठवडा-दहा दिवसांनी बदलायला सांगतात. सिलिकॉनची महाग असते, पण काही आठवडे चालते. बदलली की माप नव्याने घ्यायचं, एक्स-रे नव्याने, आणि कागदावरचा जुना ४७ खोडून नवा आकडा लिहायचा. नळी पूर्ण निघून आली तर घरी परत घालायची नाही, निघालेली नळी सोबत घेऊन जा म्हणजे टोक तुटून आत राहिलं नाही ना हे पाहता येतं.

चार-सहा आठवड्यांनीही गिळणं परत येत नसेल तर डॉक्टर पोटातून थेट जठरात बसवायची नळी सुचवतात, तिला पेग म्हणतात. नाकाचा त्रास जातो, ओढून काढण्याचं प्रमाण कमी होतं, चेहरा मोकळा होतो. एक गैरसमज मात्र ती बसवतानाच दूर करून घ्यावा. पेगमुळे अ‍ॅस्पिरेशन थांबत नाही. जठरातलं अन्न वर येणं आणि लाळ फुप्फुसात जाणं तसंच चालू राहू शकतं, त्यामुळे कमरेपासूनचा उतार, फीडची गती आणि तोंडाची सफाई पेगनंतरही तशीच ठेवावी लागते.